वाटेत असलेला पडताळणी कोड: ‘पुन्हा पाठवा’ दाबल्यावर जुना कोड रद्द करावा का?

टाचण

आमच्या सेवेत लॉगिनसाठी सहा अंकी कोड एसएमएसने जातो आणि तो पाच मिनिटे चालतो. काही वेळा संदेश दोन-तीन मिनिटे उशिरा पोहोचतो. तोवर माणूस ‘पुन्हा पाठवा’ हे बटण दोन-तीनदा दाबतो आणि शेवटी ‘एकही कोड चालत नाही’ अशी तक्रार करतो. सध्या प्रत्येक वेळी नवा कोड तयार होतो आणि आधीचा रद्द होतो. आमच्यात यावरून दोन तट पडले आहेत: एकाच्या मते हेच सुरक्षित आहे, दुसऱ्याच्या मते इथेच चूक आहे. पोचपावती आलेली नसताना पाठवणाऱ्या यंत्रणेने नेमके काय करावे?

जुनीतार

मी दुसऱ्या तटाचा आहे. एसएमएस गेटवेवर काम करत असताना अशाच एका तक्रारीचा माग काढला होता. त्या नोंदीतील अनावश्यक भाग गाळून, कोडांना अक्षरे देऊन ती इथे ठेवतो.

```
10:00:00  sent       A
10:00:45  sent       B   (A cancelled)
10:01:40  sent       C   (B cancelled)
10:02:08  delivered  B
10:02:09  delivered  A
10:02:31  typed      A   WRONG
10:02:44  typed      B   WRONG
10:02:48  sent       D   (C cancelled)
10:02:50  delivered  C
10:03:05  typed      C   WRONG  -> LOCKED
```

फोन पहिली दोन मिनिटे नेटवर्कच्या बाहेर होता. ऑपरेटरच्या एसएमएस केंद्राने A पोहोचवण्याचा एक प्रयत्न केला, तो फसल्यावर संदेश जपून ठेवला आणि पुढच्या प्रयत्नाची वेळ लावली. त्या केंद्राचे काम तसेच चालते, त्यात बिघाड काहीच नाही. दरम्यान B आणि C वेगळ्या मार्गांनी गेले, कारण आमचे संदेश ऑपरेटरपर्यंत नेणारा मध्यस्थ, म्हणजे ॲग्रिगेटर, गर्दी वाटून घेण्यासाठी एकाच क्रमांकाचे संदेशही निरनिराळ्या मार्गांवर टाकत असे. फोन नेटवर्कमध्ये परत आल्यावर प्रत्येक मार्गावरचा संदेश आपापल्या गतीने सुटला आणि क्रम उलटा झाला. माणसाने सर्वांत शेवटी आलेला संदेश सर्वांत नवा मानून A लिहिला, जे अगदी स्वाभाविक होते. नंतर B लिहिला. दोन्ही नाकारले गेल्यावर त्याने वैतागून बटण दाबले आणि त्यामुळे जो एकमेव कोड जिवंत होता तो C, त्याच्या हातात पडण्याच्या दोन सेकंद आधी मारला गेला.

या नोंदीत मुदत संपलेला एकही कोड नाही. A सुद्धा दहा वाजून पाच मिनिटांपर्यंत चालायला हवा होता. नेटवर्कने तीन संदेश पोहोचवले, माणसाने तिन्ही अचूक लिहिले आणि आमच्या यंत्रणेने तिन्ही नाकारून वर खातेही बंद केले. उशीर नेटवर्कचा होता, पण लॉगिन फसले ते आमच्या नियमामुळे.

‘पुन्हा पाठवा’ दाबल्याने आपल्याला एवढेच कळते की माणसाला अजून संदेश दिसलेला नाही. पहिला संदेश हरवला, असे त्यावरून ठरत नाही. म्हणून मुदत शिल्लक असेपर्यंत तोच कोड पुन्हा पाठवावा. मग A आधी येवो की C, तिन्ही संदेशांत एकच अंक असतात आणि क्रमाचा प्रश्नच उरत नाही.

कुंपण

प्रसंग पटला, उपाय पटला नाही. माझे काम प्रमाणीकरणाच्या सुरक्षेचे आहे आणि ‘सर्वांत नवा तेवढाच ग्राह्य’ हा नियम आळसातून आलेला नाही, हे आधी सांगायला हवे.

पहिली गोष्ट म्हणजे तोच कोड पुन्हा पाठवायचा तर तो कुठेतरी वाचता येईल अशा रूपात ठेवावा लागतो. आम्ही कोडचा फक्त हॅश, म्हणजे त्यावरून काढलेला आणि सरळ मागे फिरवता न येणारा ठसा ठेवतो, त्यामुळे पाठवून झाल्यावर तो आम्हालाही ठाऊक नसतो. डेटाबेसची प्रत कोणाच्या हाती लागली तर चालू लॉगिनचे कोड उघडे पडू नयेत, एवढाच त्यामागचा हेतू आहे.

दुसरी गोष्ट अशी की काही जण ‘मग तिन्ही कोड ग्राह्य धरा’ असा मधला मार्ग सुचवतात. सहा अंकी कोडच्या दहा लाख शक्यता असतात. पाच प्रयत्न दिले आणि एकच कोड जिवंत असला, तर आंधळ्या अंदाजाने तो लागण्याची शक्यता दोन लाखांत एक असते. तीन कोड एकाच वेळी जिवंत ठेवले की ती तिप्पट होते. आकडा अजूनही लहान आहे हे मान्य, पण हल्लेखोर एका खात्यावर थांबत नाही. तो हजारो खात्यांवर थोडे थोडे प्रयत्न करतो आणि तिथे तिप्पट म्हणजे खरोखर तिप्पट खाती हातची जातात.

तिसरी गोष्ट म्हणजे एकच कोड तीन संदेशांत असला तर तो तीनदा पडद्यावर झळकतो. फोन टेबलावर पडलेला असताना कुलूपबंद पडद्यावरही सूचना दिसते, हे विसरू नये.

नुसती_रिंग

मी तंत्रज्ञ नाही. पण माझ्याही फोनवर गेले दोन आठवडे एका सेवेचे कोड येतच नाहीत आणि त्यांचा मदत विभाग ‘आमच्याकडून संदेश पोहोचला आहे’ एवढेच पुन्हा पुन्हा सांगतो. फोनच्या कोणत्या सेटिंगमध्ये बदल करावा, हे कोणी सांगेल का? दुसऱ्या सेवांचे संदेश नीट येतात.

पायरी

@नुसती_रिंग, संदेशांच्या ॲपमध्ये नको असलेल्या किंवा अडवलेल्या संदेशांचा वेगळा कप्पा असतो, तो उघडून पाहा. या धाग्याचा विषय थोडा निराळा आहे.

मूळ प्रश्नाविषयी माझे मत असे आहे की दोन्ही बाजू विनाकारण कोडच्या मागे लागल्या आहेत. पोचपावती मिळते ना? मग ती येईपर्यंत ‘पुन्हा पाठवा’ हे बटण बंदच ठेवावे. संदेश पोहोचला अशी पावती आली तर प्रश्न मिटला. पोहोचला नाही अशी आली तर बटण उघडावे आणि नवा कोड पाठवावा. माणसाला बटण दाबताच आले नाही, तर वाटेत दोन कोड कधी असणारच नाहीत आणि कुंपण यांचा नियमही अबाधित राहील.

जुनीतार

@पायरी, कल्पना अर्धी बरोबर आहे, पण पोचपावतीवर तुम्ही जेवढा भार टाकत आहात तेवढा ती पेलत नाही.

संदेश दिल्यावर लगेच जे उत्तर येते, म्हणजे संदेशांच्या देवाणघेवाणीच्या एसएमपीपी या प्रोटोकॉलमध्ये `submit_sm_resp`, त्याचा अर्थ समोरच्या केंद्राने संदेश स्वीकारला आणि त्याला क्रमांक दिला एवढाच असतो. अनेक सेवा याच क्षणी पडद्यावर ‘कोड पाठवला आहे’ असे लिहितात आणि अर्ध्या तक्रारींचे बी तिथेच पेरले जाते. खरी पावती नंतर `deliver_sm` म्हणून येते आणि तिच्यात `DELIVRD`, `UNDELIV`, `EXPIRED` असे शब्द असतात. पण तीही त्याच वाटेने उलट येते ज्या वाटेवर गर्दी आहे. माणूस कोड लिहून आत गेल्यानंतर पावती आल्याची उदाहरणे मी कितीतरी पाहिली आहेत. काही मार्गांवर ती येतच नाही. स्वस्त मार्ग विकणारे काही मध्यस्थ तर संदेश पोहोचण्याआधीच `DELIVRD` लिहून मोकळे होतात. अशा पावतीवर बटण टांगले, तर ज्याची पावती हरवली तो माणूस पडद्यासमोर नुसता बसून राहील.

पावतीचा उपयोग आहे, मात्र तो बटण बंद करण्यासाठी नाही. माणसाने बटण दाबल्यावर पुढचे पाऊल कोणते टाकायचे, हे तिच्यावरून ठरवावे. पावती आलेली नसेल तर संदेश वाटेत आहे असे धरावे, आणि एकदा तोच कोड शक्य असल्यास दुसऱ्या मार्गाने पाठवावा. `UNDELIV` आली असेल तर माणसाच्या बटणाचीही वाट पाहू नये, लगेच दुसरा मार्ग घ्यावा किंवा फोन करून कोड ऐकवावा. सर्वांत शिकण्यासारखी तिसरी स्थिती आहे: पावती `DELIVRD` म्हणते आणि माणूस तरीही ‘पुन्हा पाठवा’ दाबतो. तिथे तोच एसएमएस आणखी दहा वेळा पाठवूनही काही होणार नाही. @नुसती_रिंग यांचा प्रश्न विषयाबाहेरचा नाही, तो नेमका याच स्थितीतला आहे. `DELIVRD` खरी असली तरी फोनने संदेश घेतला, एवढेच ठरते. फोनमधल्या गाळणीने तो कोणत्या कप्प्यात टाकला, की माणसाने लिहिलेला क्रमांकच दुसऱ्याचा होता, हे पावतीला ठाऊक नसते. अशा वेळी पडद्याने क्रमांकाचे शेवटचे अंक दाखवावेत, अडवलेल्या संदेशांचा कप्पा पाहायला सांगावे आणि दुसरा मार्ग देऊ करावा.

नुसती_रिंग

कोड अडवलेल्या कप्प्यातच सापडले, एकूण अकरा. म्हणजे मदत विभाग खोटे बोलत नव्हता. तरीही त्यांच्यापैकी एकानेही मला तो कप्पा पाहायला सांगितले नाही, याचा राग आहेच.

जुनीतार

आता @कुंपण यांच्या मुद्द्यांकडे वळतो.

हॅशविषयी मला नेहमी एक शंका वाटत आली आहे. दहा लाखच शक्यता असलेल्या गोष्टीचा साधा हॅश ठेवला, तर ज्याच्या हाती तो डेटाबेस लागेल तो सर्व शक्यतांचे हॅश काढून पाहील. साध्या संगणकाला त्यासाठी क्षणभर पुरतो. प्रत्येक नोंदीत वेगळे मीठ, म्हणजे हॅश काढण्याआधी मिसळायचे यादृच्छिक अंक, घातले तरी ते मीठ शेजारच्याच रकान्यात असते. हॅशला अर्थ येतो तो त्यात डेटाबेसबाहेर ठेवलेली गुप्त किल्ली मिसळल्यावर. आणि तशी किल्ली असेल तर कोड साठवण्याची गरजच राहत नाही, कारण तो त्या लॉगिनच्या ओळखक्रमांकावरून हवा तेव्हा पुन्हा काढता येतो.

```
mac  = hmac.new(key, challenge_id, hashlib.sha256).digest()
code = f"{int.from_bytes(mac[:8], 'big') % 1_000_000:06d}"
```

ओळखक्रमांक प्रत्येक लॉगिनला नवा आणि यादृच्छिक असावा. डेटाबेसमध्ये तो, मुदत आणि चुकलेल्या प्रयत्नांची संख्या एवढेच राहते. जाता जाता सांगतो, शेवटचा `06d` विसरू नका. कोड आकडा म्हणून साठवल्यामुळे सुरुवातीची शून्ये गळाली आणि दर दहा जणांपैकी एकाचा कोड पाच अंकी किंवा त्याहून लहान निघाला, असाही एक आठवडा आम्ही काढला आहे.

अंदाजाच्या शक्यतेबद्दल आपले गणित बरोबर आहे, म्हणूनच मी तीन कोड जिवंत ठेवायला सांगत नाही. तोच कोड पुन्हा गेला तर जिवंत कोड एकच राहतो. उलट ज्या यंत्रणा दर वेळी नवा कोड काढतात, त्यांतल्या कित्येकांत प्रयत्नांची मोजणी कोडगणिक नव्याने सुरू होते. हल्लेखोराने चार वेळा ‘पुन्हा पाठवा’ दाबले की त्याला वीस-पंचवीस प्रयत्न मिळतात. तिथे सुरक्षित दिसणारा नियमच दार किलकिले करतो.

कुंपण

गुप्त किल्लीचा मुद्दा मान्य. आमच्याकडे ती आहे, म्हणून आमचा हॅश टिकतो, पण मग त्याच किल्लीने कोड पुन्हा काढायला काय हरकत, या प्रश्नाला माझ्याकडे चांगले उत्तर नाही. मात्र एक सांगतो: मोजणी कोडवरही नको आणि लॉगिनवरही नको, ती खात्यावर हवी. नाहीतर हल्लेखोर ‘पुन्हा पाठवा’ न दाबता दर वेळी नवे लॉगिन सुरू करेल आणि कोऱ्या पाटीवर पुन्हा पाच प्रयत्न घेईल. अमेरिकेची मानक संस्था एनआयएसटीच्या ८००-६३बी या मार्गदर्शिकेत खात्यामागे सलग चुकांना शंभराची कमाल मर्यादा आहे. एसएमएस कोडसाठी मी ती त्याहून पुष्कळ खाली ठेवेन.

आणि आपला नियम जसा लिहिला आहे तसा राबवला, तर एक भोक राहते, त्याकडे लक्ष वेधतो. माणसाने क्रमांक लिहिताना एक अंक चुकवला. कोड अनोळखी माणसाच्या फोनवर गेला. अर्ध्या मिनिटाने चूक लक्षात आल्यावर त्याने क्रमांक दुरुस्त करून पुन्हा कोड मागवला. ‘मुदत शिल्लक असेपर्यंत तोच कोड’ हा नियम आंधळेपणाने पाळला, तर आता त्याचा जिवंत कोड एका परक्याच्या हातात आहे. क्रमांक बदलला की जुना कोड त्याच क्षणी मेला पाहिजे, मग तो वाटेत असो वा नसो. व्यवहाराच्या मंजुरीचा कोड असेल तर रक्कम किंवा घेणारा बदलल्यावरही तसेच. त्या जागी उशिराने आलेला जुना कोड नाकारला गेला आणि माणूस चिडला, तरी मला ते चालेल.

जुनीतार

हे पूर्णपणे मान्य आहे, आणि मी ते लिहायला हवे होते. ओळखक्रमांकाला फोन क्रमांक आणि कृती दोन्ही बांधावीत. त्यांपैकी काहीही बदलले की नवा ओळखक्रमांक, म्हणजे आपोआप नवा कोड.

रातपाळी

मी अशा यंत्रणा रात्री जागून सांभाळतो, त्यामुळे वादात न पडता दोन गोष्टी सांगतो, ज्या वर कोणी काढल्या नाहीत. सगळा उशीर नेटवर्कच्या माथी मारला जातो, पण पुष्कळ वेळा तो आपल्याच घरात जन्मतो.

आमच्याकडे एकदा ॲग्रिगेटरशी असलेली जोडणी आठ मिनिटे तुटली होती. तेवढ्या वेळात कोडचे संदेश आमच्या रांगेत साठत गेले. जोडणी परत आल्यावर कामगार प्रक्रियेने इमानेइतबारे सर्वांत जुन्या संदेशापासून पाठवायला सुरुवात केली. पाच मिनिटांची मुदत असलेले, आठ मिनिटांपूर्वीचे मेलेले कोड शेकडो फोनांवर गेले. ते संपेपर्यंत ताजे कोड मागे ताटकळत राहिले आणि तेही शिळे होत गेले. लोक बटण दाबत होते, त्यामुळे रांग आणखी वाढत होती. जोडणी सुधारल्यानंतरही आम्ही वीस मिनिटे त्याच भोवऱ्यात होतो. त्यानंतर आम्ही एकच ओळ वाढवली: पाठवण्याच्या क्षणी मुदतीचा एक मिनिटही शिल्लक नसेल, तर संदेश पाठवू नये, टाकून द्यावा. शिवाय त्याच लॉगिनचा एक संदेश आधीच रांगेत उभा असेल, तर दुसरा उभा करायचाच नाही. बटण दाबले तरी पडद्यावर ‘संदेश अजून आमच्याकडून निघालेला नाही’ असे खरे ते सांगायचे. जाहिरातींचे आणि सूचनांचे संदेश याच रांगेतून जात असतील, तर ते आजच वेगळे करा. हे वेगळे सांगण्याची वेळ येऊ नये, पण येते.

आपल्या रांगेत जो नियम, तोच पुढच्या केंद्रालाही सांगता येतो. एसएमपीपीमध्ये `validity_period` हा रकाना असतो. तो रिकामा सोडला तर केंद्र आपल्या सवयीची मुदत लावते, आणि ती कित्येक तासांची किंवा दिवसांचीही असते. म्हणून रात्री फोन बंद करून झोपलेल्या माणसाला सकाळी कालचे चार कोड एकदम मिळतात आणि ‘माझ्या खात्यात कोणी शिरत आहे’ असा त्याचा फोन मदत विभागाला येतो. चार मिनिटांची मुदत अशी लिहितात:

```
000000000400000R
```

शेवटचा `R` म्हणजे केंद्राला संदेश मिळाल्यापासून मोजायचे. यात गोम अशी आहे की ॲग्रिगेटरच्या रांगेत गेलेला वेळ त्यात धरला जात नाही. म्हणून कोडची मुदत पाच मिनिटांची असेल तर इथे पाच लिहू नयेत. आणि रकाना भरला म्हणजे तो पुढे पोहोचलाच असेही नाही. एक फोन बंद ठेवून कोड मागवावा, दहा मिनिटांनी फोन चालू करावा. संदेश आला, तर मधल्या कोणीतरी आपली मुदत गाळली आहे. ही चाचणी आम्ही प्रत्येक मार्गावर करतो आणि तिचे निकाल प्रत्येक वेळी सुखद नसतात.

दुसरी गोष्ट आपोआप होणाऱ्या पुनर्प्रयत्नाची. आपण ॲग्रिगेटरला विनंती पाठवली आणि दहा सेकंदांत उत्तर आले नाही. संदेश त्यांना मिळाला की नाही, हे आपल्याला कळत नाही. बहुतेक प्रोग्रॅम इथे मुकाट्याने पुन्हा विनंती करतात आणि माणसाला बटण न दाबताच दोन संदेश येतात. कोड तोच असेल तर हा फक्त दुप्पट खर्च आहे. पण पुनर्प्रयत्नाची पायरी कोड बनवण्याच्या आधीपासून सुरू होत असेल, तर माणसाने काहीही न करता टाचण यांची पूर्ण तक्रार घडून येते. विनंतीसोबत आपला स्वतःचा एक ठरलेला क्रमांक द्यावा, म्हणजे तीच विनंती दुसऱ्यांदा आल्यावर ॲग्रिगेटर नवा संदेश काढत नाही. ही सोय त्यांच्याकडे आहे का, हे आधी विचारून घ्यावे.

पायरी

पावतीबद्दल मी चुकलो होतो, हे कबूल. पण मग बटण किती वेळ बंद ठेवायचे? सगळीकडे तीस सेकंद दिसतात. ते कुठून आले?

रातपाळी

माझ्या माहितीत कोणत्याही नियमातून आलेले नाहीत, एकमेकांचे पाहून आले असावेत. आपल्याच नोंदी काढा: कोड पाठवल्यापासून तो अचूक लिहिला जाईपर्यंतचा वेळ. हा आकडा पावतीपेक्षा विश्वासाचा आहे, कारण माणसाने कोड लिहिला म्हणजे तो पोहोचला, यात शंका नाही. शंभरातील नव्वद जण जेवढ्या वेळात कोड लिहून मोकळे होतात, त्याच्या आधी बटण उघडणे म्हणजे स्वतःच गर्दी ओढवून घेणे. हा आकडा प्रत्येक मार्गाचा आणि दिवसाच्या वेळेचा वेगळा निघतो. आम्ही पहिल्या वेळेस पंचेचाळीस सेकंद, दुसऱ्या वेळेस दीड मिनिट ठेवतो आणि एका लॉगिनला तीनपेक्षा जास्त संदेश देत नाही. ती मर्यादा फक्त लोकांसाठी नाही. महागड्या क्रमांकांवर मुद्दाम हजारो कोड मागवून संदेशांच्या शुल्कातला वाटा खाणाऱ्या टोळ्या असतात, त्यांनाही ती लागते.

आणि बटण बंद असताना पडदा मुका ठेवू नये. ‘कोड पाठवला आहे’ याऐवजी ‘कोड वाटेत आहे, आधी मागवलेला कोडही चालेल’ हे वाक्य लिहिले, तेव्हा आमच्याकडे दुसऱ्यांदा बटण दाबण्याचे प्रमाण डोळ्यांना दिसेल इतके उतरले. अर्थात, ते वाक्य खरे असले पाहिजे. टाचण यांच्या सध्याच्या यंत्रणेत ते खोटे ठरेल.

टाचण

सर्वांचे आभार. काल आमच्या नोंदी काढून पाहिल्या. ‘चुकीचा कोड’ म्हणून नाकारलेल्यांपैकी किती कोड आम्ही स्वतः रद्द केलेले, पण मुदतीतले होते, हे तपासण्यासाठी तीन दिवस रद्द कोडांचे किल्लीयुक्त हॅश मुदत संपेपर्यंत बाजूला ठेवले होते. नाकारलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक तसेच निघाले. त्या माणसांनी काहीही चुकीचे लिहिले नव्हते. त्यामुळे क्रमांक आणि कृती तीच असेपर्यंत कोड तोच, आणि चुकांची मोजणी खात्यावर, एवढे आमच्यात ठरले आहे.

अडले आहे ते मुदतीपाशी. माणसाने चार मिनिटे चाळीस सेकंदांनी बटण दाबले, तर तोच कोड पाठवण्यात अर्थ नाही, कारण तो पोहोचेपर्यंत मरेल. तिथे त्याच कोडची मुदत वाढवावी की नवा काढावा?

जुनीतार

वाढवावी. एनआयएसटीची वरची मर्यादा दहा मिनिटांची आहे, आपण पाचच वापरत आहात. पहिल्यापासून दहाव्या मिनिटाला कोणत्याही परिस्थितीत कोड बंद, एवढी भिंत ठेवून तिच्या आत एकदा मुदत वाढवायला काय हरकत आहे? उशिरा आलेला पहिला संदेशही मग चालेल आणि माणसाला सांगितलेले ‘आधीचा कोडही चालेल’ हे वाक्य खरे राहील.

कुंपण

इथे मी सहमत नाही. मुदत वाढवण्याचे बटण जर विनंती करणाऱ्याच्या हातात असेल, तर ते हल्लेखोराच्याही हातात असते. फसवून कोड काढून घेणारा माणूस फोनवर बळीला बोलण्यात गुंतवत असतो आणि त्याला नेमका वेळच हवा असतो. मी शेवटच्या दोन मिनिटांत बटण दाबले गेल्यास नवा कोड काढेन, जुन्याला त्याच्या मूळ मुदतीपर्यंत जगू देईन आणि संदेशात कोड कोणत्या वेळेपर्यंत चालेल ते लिहीन. त्या दीड-दोन मिनिटांपुरते दोन कोड जिवंत राहतील, ते मला परवडते, कारण प्रयत्न खात्यावर मोजले जात आहेत.

जुनीतार

मग त्या दोन मिनिटांत माणसाकडे दोन वेगळे कोड येतील आणि क्रम उलटा झाला की जुना लिहून तो मुदतीनंतर नाकारला जाईल. तीच नोंद, फक्त लहान.

कुंपण

होय, लहान. आणि ज्याला फोनवर फसवले जात आहे त्याच्यासाठी पाच मिनिटे आणि दहा मिनिटे यांतला फरक लहान नाही. टाचण यांच्याकडे उशिराने येणाऱ्या संदेशांत पाच मिनिटांपलीकडचे किती असतात, हा आकडा त्यांनी काढावा. शंभरात एखादाच असेल, तर त्या एकासाठी मी सर्वांची मुदत वाढवणार नाही.

टाचण

तो आकडा सध्या काढता येत नाही, कारण पाच मिनिटांनंतर माणूस कोड लिहायला थांबतच नाही आणि पावत्यांवर किती विसंबावे हे वर वाचलेच. पंधरवडाभर मुदत शांतपणे आठ मिनिटांची करून, पडद्यावर मात्र पाचच दाखवून, पाच ते आठमध्ये किती कोड येतात ते मोजण्याचा विचार आहे.

कुंपण

मोजा, पण त्या पंधरवड्यात खात्यावरील प्रयत्नांची मर्यादा आधी चालू करा आणि व्यवहाराच्या मंजुरीचे कोड त्यातून वगळा.